डार्क टाइल खाली नको: बोअरच्या पाण्यातलं बाथरूम

टाइल्सच्या दुकानात बाथरूमच्या भिंतीसाठी विचारलं की दुकानदार तीन टाइल्स शेजारी शेजारी ठेवतो: डार्क, हायलायटर आणि लाइट. गडद तपकिरी, निळी किंवा काळपट करडी टाइल जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत, तिच्यावर फुलांची नाहीतर रेघांची हायलायटरची एखादी ओळ आणि त्यावर थेट वरपर्यंत त्याच रंगाची फिकी छटा. या मांडणीमागे सरळ हिशेब आहे. पायाची माती, कपड्यांचा मळ, बादलीची घासणी हे सगळं खाली लागतं, आणि गडद रंगावर ते दिसत नाही.

हा हिशेब धरणाच्या गोड्या पाण्यावर बरोबर ठरतो. भिवंडीत ज्या इमारतींच्या टाकीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी पडतं, तिथे तो नेमका उलटतो. वर्ष-दीड वर्षात खालचा गडद पट्टा धुरकट, पांढरट दिसायला लागतो आणि वरची फिकी भिंत मात्र नवी वाटते. टाइल सारखीच चांगली, मिस्त्री तोच, घासणारे हातही तेच. फरक इतकाच की कठीण पाण्याचा डाग पांढरा असतो आणि आपण आंघोळ बादली-तांब्याने करतो, त्यामुळे तो पांढरा डाग सगळ्यात जास्त पडतो तो खालच्या गडद टाइलवरच. बाथरूमची रंगसंगती कॅटलॉग पाहून ठरवण्याआधी आपल्या पाण्याचा डाग कोणत्या रंगाचा आहे आणि तो कुठे पडतो, एवढं पाहिलं तर बाकीच्या निवडी बऱ्याच सोप्या होतात.

एका शहरात दोन प्रकारचं पाणी

भिवंडीच्या महापालिकेला पाणी मिळतं ते शहाड-टेमघरच्या ‘स्टेम’ योजनेतून, मुंबई महापालिकेकडून आणि कामतघरच्या वऱ्हाळा तलावातून. हे सगळं मुळात पावसाचं, नद्या-धरणांत साठलेलं पाणी. खडकाशी त्याची गाठ थोडाच वेळ पडते, म्हणून ते मृदू असतं. बोअरच्या पाण्याची गोष्ट वेगळी. भिवंडीच्या खाली दख्खनचा काळा बेसाल्ट आहे. त्या दगडातल्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. मातीतून झिरपताना पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळतो, पाणी किंचित आम्ल होतं आणि भेगांमधून वर्षानुवर्षं मुरत असताना ही खनिजं विरघळवून घेतं. वर आलेलं पाणी दिसायला स्वच्छ असतं, पण साबणाचा फेस होत नाही आणि गीझरच्या कॉइलवर थर बसतो. इथल्या सायझिंगवाल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही, कारण बॉयलरमध्ये असं पाणी घातलं की नळ्यांवर आतून पापुद्रा चढतो आणि इंधन जास्त लागतं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतलं जातं. म्हणजे 400 मिलिग्रॅमचं बोअरचं पाणी नियमात बसू शकतं आणि तरीही बाथरूमची रया घालवू शकतं.

बहुतेक सोसायट्यांत महापालिकेचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी एकाच टाकीत पडतं. त्यामुळे एकाच नळाला पावसाळ्यात मऊ आणि मे महिन्यात जड पाणी येतं. रंग ठरवताना मे महिन्यातलं पाणी गृहीत धरावं.

थेंब वाळतो तेव्हा

कठीण पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेलं असतं. भिंतीवरचा थेंब वाळू लागला की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी उरते. पाणी गरम असेल तर हे आणखी लवकर होतं. थेंब कडेकडून आधी सुकतो, म्हणून डाग बहुधा गोल कड्यासारखा दिसतो. ही चुनखडी पाण्यात जवळपास विरघळतच नाही. म्हणून कालचा डाग आज पुसला जात नाही, त्यावर आजचा चढतो. त्यातच साबण मिसळला की कॅल्शियम आणि साबण मिळून एक चिकट, करडा-पांढरा थर तयार होतो, आणि मग मळालाही धरून बसायला जागा मिळते.

प्रमाण किती असेल याचा अंदाज घेऊ. समजा पाण्याचा कठीणपणा लिटरला 400 मिलिग्रॅम आहे आणि एका आंघोळीनंतर भिंतीवर सगळं मिळून 100 मिलिलिटर पाणी थेंबांच्या रूपात राहतं. ते वाळलं की साधारण 40 मिलिग्रॅम चुनखडी मागे उरते. घरात चार माणसं असतील तर महिन्याला 120 आंघोळी होतात, म्हणजे जवळपास पाच ग्रॅम. चहाच्या चमच्याएवढी पांढरी पूड दर महिन्याला त्याच दोन-तीन चौरस मीटर भिंतीवर पसरते, असं समजा. वर्षभरात ती काय करेल हे गडद टाइलवर लगेच दिसतं. फिक्या टाइलवरही ती तेवढीच असते, फक्त डोळ्याला दिसत नाही.

शॉवरखाली उभं राहून आंघोळ करणाऱ्याचं पाणी खांद्यापासून खाली सगळीकडे उडतं. पाटावर किंवा स्टुलावर बसून तांब्याने घेणाऱ्याचं पाणी मुख्यतः जमिनीपासून तीन फुटांपर्यंत उडतं. कपडेही तिथेच धुतले जात असतील तर पहिला दीड फूट सगळ्यात जास्त भिजतो. तीन फुटांच्या वर डाग एकदम कमी होतात. जुनं बाथरूम असेल तर नव्या टाइल्स घेण्याआधी त्याच्याच भिंतीवर हे पाहता येतं. संध्याकाळी दिवा भिंतीला समांतर धरला की डागांची वरची रेघ स्पष्ट दिसते, आणि आपल्या घरातला भिजणारा पट्टा किती उंच आहे ते कळतं.

खरेदीआधीची चाचणी

दुकानदार सहसा नमुन्याची एकेक टाइल घरी न्यायला देतो. तशा तीन-चार टाइल्स आणाव्यात, एक गडद, एक मध्यम छटेची, एक फिकी, आणि त्यांत एखादी चकचकीत, एखादी मॅट असेल असं पाहावं. टाकीतलं पाणी चमच्याने प्रत्येकीवर दहा-बारा थेंब टाकून पंख्याखाली वाळू द्यावं. त्याच जागी पुन्हा थेंब टाकावेत, असं चार-पाच वेळा करावं. मग टाइल भिंतीला टेकवून उभी करावी आणि दाराइतक्या अंतरावरून पाहावी. हातात धरून पाहिलेली टाइल फसवते, कारण बाथरूममध्ये भिंतीला नाक लावून कोणी पाहत नाही.

त्यानंतर वाळलेला डाग ओल्या फडक्याने पुसून पाहावा. निघाला, तर पाण्यात मिठासारखे विरघळणारे क्षार जास्त आहेत. ते रोज दिसतील, पण साचणार नाहीत. निघाला नाही आणि त्यावर लिंबू पिळल्यावर गेला, तर ती चुनखडी आहे. डाग पिवळट-तांबूस असेल, तर पाण्यात लोह आहे, आणि मग सगळं गणित बदलतं. लोह तपासायची आणखी सोपी रीत म्हणजे पांढऱ्या बादलीत बोअरचं ताजं पाणी भरून रात्रभर ठेवणं. सकाळी तळाला तांबूस गाळ बसला असेल तर पांढरीशुभ्र टाइल आणि पांढरा ग्राउट दोन्ही विसरावेत आणि बेज, वाळूचा रंग, फिका बदामी अशा उबदार छटांकडे वळावं.

टीडीएस मीटरवर इथे फार भिस्त ठेवू नये. ते सगळ्या क्षारांची बेरीज दाखवतं, त्यात चुनखडी किती आणि मीठ किती हे सांगत नाही. बाथरूमसाठी महत्त्वाचं तेच आहे.

सात बाय चारचं एक बाथरूम

आता एक नेहमीचं बाथरूम घेऊ. लांबी सात फूट, रुंदी चार फूट, टाइल सात फुटांपर्यंत, दार अडीच फूट. भिंतींचा घेर 22 फूट, दार वजा केल्यावर साडेएकोणीस. भिंतीसाठी 300 बाय 600 मिलिमीटरची टाइल आडवी लावायची ठरवली, तर एका ओळीला साधारण दहा टाइल्स लागतात आणि एकावर एक सात ओळी बसतात.

दुकानातला संच लावला तर खालच्या तीन ओळी डार्क, एक हायलायटर आणि वरच्या तीन लाइट. बोअरच्या पाण्यासाठी हाच संच वेगळा मांडायचा. खालच्या चार ओळी मध्यम-फिक्या छटेच्या, म्हणजे राखेचा, ओल्या वाळूचा किंवा ताकात किंचित करडेपणा मिसळल्यासारखा रंग. टाइल एकसारख्या रंगाची नको. दगडासारखी बारीक ढगाळ नक्षी असलेली घ्यावी, कारण सपाट रंगावर गोल कडं वेगळं उठून दिसतं, तर ढगाळ नक्षीत ते हरवतं. वरच्या तीन ओळी त्याहून एक छटा फिक्या. गडद रंगाची हौस असेल तर तो चार फुटांच्या वर, कोरड्या भिंतीवर, म्हणजे आरशाच्या मागे किंवा दाराच्या बाजूला आणावा. तिथे पाणी उडत नाही, त्यामुळे तो वर्षानुवर्षं गडदच राहतो आणि सगळ्या खोलीला आकारही देतो. उठावाची हायलायटर घ्यायची असेल तर तीही तिथेच. भिजणाऱ्या पट्ट्यात उठावाच्या फुलांच्या कडांना चुनखडी धरते आणि ती ब्रशशिवाय निघत नाही.

हिशेब असा होतो: खालच्या चार ओळींना 40 टाइल्स, वरच्या तीन ओळींना 30. तुटफूट आणि कापणीसाठी दहा टक्के जास्त धरून 44 आणि 33. जमीन 28 चौरस फूट, एक बाय एकच्या टाइल्स 29, जास्तीच्या धरून 32. सगळी खोकी एकदमच घ्यावीत आणि प्रत्येक खोक्यावरचा शेड आणि बॅच क्रमांक एकच आहे ना हे दुकानातच पाहावं. मोरबीच्या एकाच कारखान्यातून, एकाच नावाने आलेल्या दोन बॅचमध्येही छटेचा फरक असू शकतो, आणि फिक्या करड्या रंगात तो भिंतीवर लगेच कळतो.

चकचकीत की मॅट, हा दुसरा प्रश्न. चकचकीत टाइलवर प्रत्येक थेंब वेगळा दिसतो, पण ती चटकन पुसली जाते. खरखरीत मॅटवर डाग दिसत नाही, पण चुनखडी खाचांत बसते आणि चार वर्षांनी सगळी भिंतच फिकट पडते. मध्यम मार्ग म्हणजे साटिन किंवा गुळगुळीत मॅट. त्यावरून नख फिरवलं तर अडकत नाही, आणि दिव्याचं प्रतिबिंब आरशासारखं न दिसता पसरट दिसतं. भिंतीला ती घ्यावी. जमिनीला घसरू नये म्हणून थोडी खरखर लागतेच, म्हणून तिथे रंग भिंतीच्या खालच्या पट्ट्याइतकाच मध्यम ठेवावा आणि पाणी साचणार नाही असा उतार, मीटरला साधारण दीड सेंटीमीटर, जाळीकडे द्यायला सांगावं. साचलेलं पाणी वाळतं तिथे उत्तम रंगही हरतो.

नळ, जाळी आणि बादली

सध्या मॅट काळ्या फिटिंग्जची चलती आहे. कठीण पाण्यात काळ्या नळावर पहिल्या आठवड्यातच पांढरे थेंब दिसू लागतात. त्याहून मोठा प्रश्न तो साफ करण्याचा. बऱ्याच काळ्या फिटिंग्जवर रंगाचा किंवा पावडर कोटिंगचा थर असतो. घासणीने तो ओरखडतो आणि कडेला खालची धातू उघडी पडते.

क्रोमची गोष्ट थोडी वेगळी आहे. क्रोम म्हणजे पितळेच्या नळावर निकेल आणि त्यावर क्रोमियमचा पातळ मुलामा. तो आरसा असतो, त्याला स्वतःचा रंग जवळपास नसतोच, समोरच्या भिंतीचा रंग तो दाखवतो. गडद बाथरूममध्ये क्रोम काळपट दिसतो आणि त्यावरचे पांढरे ठिपके उठून दिसतात. फिक्या बाथरूममध्ये तोच नळ फिका दिसतो आणि ठिपके मिसळून जातात. म्हणजे खालचा पट्टा फिका केल्याचा फायदा नळालाही मिळतो.

सगळ्यात कमी डाग दाखवतं ते ब्रश केलेलं निकेल किंवा स्टील. त्यावरच्या बारीक समांतर रेघा उजेड पसरवतात, त्यात थेंबाचं कडं विरतं. सोनेरी छटा हवी असेल तर पीव्हीडी प्रक्रियेची, ब्रश केलेली घ्यावी. हा मुलामा कठीण असतो आणि साध्या सोनेरी लॅकरसारखा सोलत नाही. खाडीकाठच्या गावांत बोअरचं पाणी चवीला खारट असेल तर स्वस्त स्टीलच्या जाळ्या आणि रॉड यांवर तांबूस ठिपके येतात. तिथे किमान 304 दर्जाचं स्टील मागावं आणि तेही वरचेवर गोड्या पाण्याने धुवावं.

रंग जुळवताना माणसं नळ आणि शॉवरपाशी थांबतात आणि बाकीच्या वस्तू प्लंबरवर सोडतात. मग ब्रश निकेलच्या नळाखाली चकचकीत क्रोमचा अँगल कॉक येतो, बेसिनखाली पांढरा प्लास्टिकचा पाइप लोंबतो आणि हेल्थ फॉसेटची नळी तिसऱ्याच रंगाची असते. खरेदीआधी दिसणाऱ्या धातूची यादी करावी: मिक्सर, शॉवर, बेसिनचा नळ, हेल्थ फॉसेट आणि त्याची नळी, सगळे अँगल कॉक, बेसिनचं वेस्ट कपलिंग आणि बॉटल ट्रॅप, जमिनीची जाळी, टॉवेल रॉड, साबणाची डिश, हुक, दाराची कडी. ‘ब्रश गोल्ड’ किंवा ‘ग्रॅफाइट’ या नावांना ठरलेलं माप नाही, प्रत्येक कंपनीची छटा वेगळी असते. म्हणून विशेष रंग घ्यायचा असेल तर ही सगळी यादी एकाच कंपनीत मिळते का ते आधी पाहावं. मिळत नसेल तर क्रोम किंवा ब्रश स्टील बरं. या दोन रंगांत कंपन्यांमधला फरक कमी असतो आणि पाच वर्षांनी एखादा नळ बदलावा लागला तरी जोड लागतो.

बेसिन आणि कमोड पांढरा किंवा आयव्हरी ठेवावा. काळ्या बेसिनच्या तळाशी पांढरं वर्तुळ पडतं, ते रोज दात घासताना समोर दिसतं. बादली, मग, स्टूल यांनाही हाच नियम. गडद निळ्या किंवा पारदर्शक बादलीच्या आतल्या कडेला पांढरी रेघ बसते. फिकी करडी, पिस्ता किंवा आयव्हरी बादली त्याच पाण्यात कितीतरी स्वच्छ दिसते. रंगाची उधळण करायची असेल तर ती टॉवेल, पडदा, कोरड्या कपाटावरची कुंडी यांत करावी. या वस्तू भिजून वाळत असल्या तरी बदलता येतात.

सांधे, ओटा आणि सफाई

टाइल्सच्या सांध्यांत साधा पांढरा सिमेंटचा ग्राउट भरला तर तो पाणी शोषतो, पिवळा पडतो आणि आम्लाने झिजतो. इपॉक्सी ग्राउट महाग असतो, पण शोषत नाही. दोन मिलिमीटरचे सांधे ठेवून टाइलच्या रंगाहून एक छटा गडद करडा किंवा बेज इपॉक्सी भरला की सांधे लवकर मळकट दिसत नाहीत.

बेसिनखालच्या ओट्याला आपल्याकडे काळा कडाप्पा लावायची सवय आहे. तो काळा, म्हणजे डाग दाखवणारा. शिवाय कडाप्पा, कोटा आणि शहाबादी फरशी हे तिन्ही मुळात चुनखडीचेच दगड आहेत. डाग काढायला लावलेलं लिंबू किंवा आम्ल डागाबरोबर दगडही खातं, आणि चमक गेलेला खरबरीत ठिपका कायमचा उरतो. ओल्या जागी फिक्या ठिपक्यांचा ग्रॅनाइट किंवा टाइलच लावावी.

सफाईसाठी पाव लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा सायट्रिक अॅसिड, ज्याला किराणा दुकानात लिंबूफूल म्हणतात, पुरतं. टाइलवर दहा मिनिटं, नळावर पाचच, आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावं. बाटलीतलं धुरकट, झोंबणारं अॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते क्रोमचा मुलामा आणि सिमेंटचा ग्राउट दोन्ही खातं. कुठलंही आम्ल ब्लीचमध्ये मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो. आंघोळीनंतर भिंतीच्या खालच्या पट्ट्यावर रबरी वायपर एकदा फिरवला तर वर मांडलेल्या हिशेबातलं बहुतेक पाणी जाळीत जातं आणि आम्लाची वेळ फारशी येत नाही.

टाकीवर सॉफ्टनर बसवण्याचा विचार असेल तर एक गोष्ट माहीत असावी. तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम देतो, क्षार कमी करत नाही. थेंब वाळल्यावर डाग तेव्हाही दिसेल, पण तो ओल्या फडक्याने निघेल. त्यामुळे सॉफ्टनर असला तरी काळा नळ आणि गडद भिजणारी भिंत निवडण्याचं कारण उरत नाही. गळका नळ मात्र कुठल्याही रंगसंगतीला पुरून उरतो. सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाला चार लिटरच्या आसपास पाणी एकाच रेघेवरून वाहतं आणि तिथे पांढरा ओघळ उभा राहतो. आधी वॉशर बदलावा.

काम संपल्यावर उरलेल्या टाइल्समधल्या चार-पाच माळ्यावर ठेवाव्यात आणि खोक्यावरचा बॅच क्रमांक बिलाच्या मागे लिहून ठेवावा. पाइप फुटला आणि दोन टाइल्स फोडाव्या लागल्या, तर तीच छटा दुकानात पुन्हा मिळेल याची खात्री नसते, आणि फिक्या भिंतीत वेगळी टाइल पांढऱ्या डागापेक्षाही लवकर दिसते.